कोणी काय खाल्ले? : स्तुतीच्या भाषेतील नकाराचा प्रश्न

गिरगावपासून लालबागपर्यंतच्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यात सध्या दोन इंग्रजी वाक्ये सर्रास ऐकू येतात. कुणी नाच चांगला केला, कुणी एकांकिकेत भूमिका चांगली वठवली, किंवा जयंतीच्या मिरवणुकीत कुणी नुसता पोशाख झोकात घालून आली, की 'एट अँड लेफ्ट नो क्रम्ब्स' असे म्हटले जाते. तिने असे खाल्ले की ताटात कणही शिल्लक राहिला नाही, असा त्याचा अर्थ. दुसरे वाक्य 'अंडरस्टूड द असाइनमेंट'. नेमून दिलेले काम याला बरोबर उमगले, असा त्याचा अर्थ. याच दमात 'तोडलंस', 'फाडलंस', 'कडक', 'एक नंबर' हे आपले शब्दही येतात.

वडीलधाऱ्यांची तक्रार अशी की, या भाषेत फार अतिशयोक्ती आहे. साधे 'चांगले झाले' असे म्हणायला या पिढीची जीभ वळत नाही. ही तक्रार मला चुकीच्या ठिकाणी बोट ठेवणारी वाटते. अतिशयोक्ती ही लोकभाषेची जुनी सवय आहे. आपले जलसे, आपली भीमगीते, तमाशाच्या फडावरची दाद, यांतले काहीही मोजूनमापून बोललेले नाही. ज्यांना शतकानुशतके मान खाली घालून हळू बोलायला लावले, ते संधी मिळताच मोठ्याने बोलणारच. तेव्हा आवाज किती मोठा आहे हा प्रश्न नाही. ज्या तोंडातून ही स्तुती निघते, त्या तोंडाला 'नाही' म्हणता येते की नाही, हा प्रश्न आहे. दलित साहित्याच्या चर्चेत नकार हा शब्द आपण पुष्कळ वापरला. स्तुतीच्या भाषेत या नकाराचे काय झाले, ते येथे पाहायचे आहे.

प्रथम आपल्या भाषेतले खाणे पाहू. मराठी नाटकाच्या बोलीत हे क्रियापद फार पूर्वीपासून आहे. गिरगावच्या साहित्य संघात, दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटक पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक म्हणायचा, 'नोकराचं काम करणारा भाव खाऊन गेला.' यातले दामोदर १९२२ सालचे, गिरणगावातल्या कामगारांच्या नाटकांचे हक्काचे ठिकाण. ते २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. पण हे वाक्य अजून जिवंत आहे. ते नीट ऐकले, तर त्यात बरीच माहिती भरलेली आढळते. भाव कुणी खाल्ला हे त्यात आहे. कुणाच्या ताटातला खाल्ला हेही न सांगता कळते, कारण एकाने भाव खाल्ला म्हणजे दुसऱ्याचा कमी झाला. शिवाय हा शब्द सहसा लहान भूमिकेसाठी वापरतात. नायकाला टाळ्या मिळाव्यात अशी नाटकाची मांडणी असताना त्या नोकराने नेल्या, हे त्यात गृहीत असते. म्हणजे एका छोट्या वाक्यात निरीक्षण आहे, तुलना आहे आणि नायकाविषयीचा एक मूक निर्णयही आहे.

याच क्रियापदाची दुसरी बाजूही त्याच प्रेक्षकाजवळ तयार असते. 'पहिला अंक बांधलेला होता, पण तिसऱ्या अंकात नाटक मार खातं.' आणि फारच बिघडले तर, 'शेवटच्या प्रवेशात नटानं माती खाल्ली.' भाव खाणे, मार खाणे आणि माती खाणे ही एकाच जिभेवरची तीन खाणी आहेत. ज्याने काल एखाद्या नटाला माती खाल्ली असे सुनावले, त्याने आज भाव खाल्ला असे म्हटले, तर त्या नटाला त्याची किंमत कळते. नकाराची शक्यता शिल्लक असते म्हणून होकाराला वजन येते.

आता त्या इंग्रजी वाक्याकडे वळू. 'एट' म्हणजे खाल्ले. पण काय खाल्ले? तेथे कर्म नाही. भाव नाही, मार नाही, माती नाही. कुणाशी तुलना नाही आणि कोणत्या जागी खाल्ले तेही नाही. नाच असो, भाषण असो, केशरचना असो, तेच वाक्य जसेच्या तसे बसते. जे वाक्य सर्वत्र बसते ते कशाविषयीच काही सांगत नाही, असा निष्कर्ष येथे काढता येईल. पण तो काढण्यापूर्वी हे वाक्य ज्या घरातून आले ते घर पाहिले पाहिजे. नाहीतर आपण त्याच्यावर अन्याय करू, आणि तो अन्याय आपल्याच जातकुळीच्या माणसांवर होईल.

हे खाणे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून, आणि विशेषतः न्यूयॉर्कच्या 'बॉल' या नावाच्या मेळाव्यांतून पुढे आले. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन वंशाच्या समलिंगी आणि पारलिंगी माणसांनी स्वतःसाठी उभी केलेली ही स्पर्धा. तिच्यामागे एक नकार आहे. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रीवेशातल्या पुरुषांची एक सौंदर्यस्पर्धा झाली. त्या स्पर्धेत क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णीय स्पर्धक निकाल ऐकून मंचावरून निघून गेली. निकाल आधीच ठरलेला होता, असा तिचा उघड आरोप होता. हा प्रसंग 'द क्वीन' या १९६८ सालच्या माहितीपटात पाहायला मिळतो. गोऱ्या परीक्षकांपुढे काळ्या स्पर्धकाला न्याय नाही हे कळल्यावर, १९७० च्या दशकाच्या आरंभी तिने आपल्या लोकांचे बॉल भरवण्यात पुढाकार घेतला आणि लाबेजा हे 'घराणे' उभे राहिले. घरातून हाकललेल्या मुलांसाठी ही घराणी खरोखरच घरे होती. 'पॅरिस इज बर्निंग' या १९९० सालच्या माहितीपटाने हे जग बाहेरच्यांना दाखवले. ज्या मध्य मुंबईत १९७२ साली ब्लॅक पँथरच्या नावावरून दलित पँथरचे नाव घेतले गेले, तेथल्या वाचकाला हे उदाहरण दूरचे वाटू नये.

या मेळाव्यांत आरडाओरडा आणि अतिशयोक्ती होतीच. पण त्या ओरडण्याच्या समोर परीक्षकांची रांग बसलेली असते, हे विसरता कामा नये. स्पर्धेचे प्रकार आधी जाहीर होतात. कुणाला कचेरीतला साहेब व्हायचे असते, कुणाला सैनिक, कुणाला उंची पोशाखातली बाई. चालणे, वेष, बारकावा पाहून परीक्षक गुणांच्या पाट्या वर करतात. सगळ्यांकडून दहापैकी दहा पडले तर स्पर्धक पुढच्या फेरीत जातो. एखाद्या परीक्षकाने त्याला बाद केले, तर इतरांना तो कितीही आवडलेला असो, तो तेथेच उतरतो. म्हणजे त्या सभागृहात 'हिने खाल्ले' ही आरोळी उठत असे, तेव्हा पाच मिनिटांपूर्वी दुसरे कुणीतरी बाद होऊन खाली उतरलेले असे. आरोळी कितीही उंच गेली तरी तिच्या पायाखाली निवाड्याची जमीन होती. तेथून वाक्य उचलून जगभर नेताना आरोळी तेवढी नेली गेली आणि परीक्षकाची पाटी मागेच राहिली. ज्यांनी ती आरोळी घडवली, त्यांचे नावही मागेच राहिले. आज ते वाक्य बोलणाऱ्या बहुतेकांना ते कुठून आले हे माहीत नसते. शोषितांची भाषा वापरायची आणि त्यांचा इतिहास टाकून द्यायचा, हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

त्या वाक्याचा उत्तरार्ध, ताटात कण न ठेवण्याचा, आपल्या वाचकाला वेगळा ऐकू येईल. आपल्या आजेपणजांच्या वाट्याला भरलेले ताट आले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते ताटातले उरलेले. उष्टे मागून आणणे हा गावगाड्यात महाराचा हक्क म्हणवला जाई, आणि हक्क या शब्दाची इतकी क्रूर थट्टा दुसरी नसेल. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे सोडून देण्याचे आवाहन केले. पाण्याचा सत्याग्रह सर्वांना आठवतो, पण त्याच परिषदेत ताटाचाही प्रश्न होता. त्यामुळे नायगावच्या चाळीतली एखादी मुलगी आपल्या मैत्रिणीला 'तू कण ठेवला नाहीस' असे म्हणते, तेव्हा मला त्यात आनंद दिसतो. ती ताटावर बसली आहे, ताटाबाहेर नाही. कुणाच्या उरलेल्यावर ती जगत नाही. या अर्थाने त्या वाक्यात एक ऐतिहासिक समाधान आहे आणि वडीलधाऱ्यांनी ते हिरावून घेऊ नये.

दुसऱ्या वाक्याबाबत मात्र मला असे समाधान वाटत नाही. 'नेमून दिलेले काम कळले' हा प्रयोग पूर्वीही होता, पण २०२१ साली टे मनी या अमेरिकन गायिकेच्या एका गाण्याने तो सर्वदूर गेला. मराठी नाट्यसमीक्षेत त्याचा सख्खा भाऊ वर्षानुवर्षे नांदतो आहे. 'अमुक यांनी आपल्या भूमिकेला न्याय दिला आहे' हे ते वाक्य. समीक्षकाला नटाविषयी काही सांगायचे नसले की तो हे लिहितो. दोन्ही वाक्यांत भूमिका आधीच ठरलेली आहे, काम आधीच वाटलेले आहे, आणि माणसाची परीक्षा एवढीच की तो त्यात बसला की नाही. भूमिका कोणी नेमली, ती त्या माणसाला न्याय देणारी आहे का, हा प्रश्न दोन्ही वाक्ये विचारू देत नाहीत.

ज्याच्या बापजाद्यांना जन्मापूर्वीच काम नेमून दिलेले होते, त्याने हे वाक्य ऐकून थबकले पाहिजे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यात हीच नेमणूक आहे. आणि ती गावातच राहिली असेही नाही. ती परळ-लालबागच्या गिरण्यांतही आली. गिरणीतल्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्याही तोंडी लागणार, म्हणून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. महाराने सूत काढण्याच्या रिंग खात्यात कमी मजुरीवर राबायचे, ही त्याची नेमणूक. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला आणि अस्पृश्यांना विणकाम खाते खुले करावे ही मागणीही संपाच्या मागण्यांत असली पाहिजे, असा आग्रह धरला. उष्ट्याचा आणि नेमणुकीचा प्रश्न त्या एका धाग्यावर एकत्र आलेला दिसतो. त्या काळी रिंग खात्यातल्या एखाद्या कामगाराला कुणी म्हटले असते की 'तुला तुझे नेमलेले काम छान कळले', तर ती स्तुती झाली असती का? काम चांगले करणे आणि आपल्याला नेमलेल्या जागेत चांगले बसणे या दोन गोष्टींची ते वाक्य सरमिसळ करते. म्हणूनच ते मला धोक्याचे वाटते.

हा धोका साहित्यात कसा येतो ते एका उदाहरणाने सांगतो. दादर-नायगावच्या बाजूला एका लहान सभागृहात तरुण कवींचे वाचन होते. एका मुलीने आजीवर कविता वाचली. आजी गिरणीच्या दारात खानावळीचे डबे पोचवायची. पहिल्या दहा-बारा ओळींत डब्याचे कडीचे झाकण होते, रस्सा सांडून डागाळलेला पदर होता, आणि भोंगा होण्याआधी दाराशी पोचण्याची घाई होती. पुढे कविता अचानक वर उडाली. क्रांतीचा सूर्य आला, अंधाराच्या भिंती आल्या, पेटती मशाल आली, आणि आजी त्यात कुठेच दिसेना. वाचन संपले आणि सभागृहात एकच गिल्ला झाला. 'तोडलंस!', 'कडक!', आणि ती दोन इंग्रजी वाक्येही. मशालीच्या ओळीला टाळ्या जास्त पडल्या, कारण टाळी कुठे द्यायची हे त्या ओळीने आधीच सांगून ठेवले होते. दलित मुलीच्या कवितेत मशाल असणारच, ही तिची नेमणूक. आणि ती तिला बरोबर कळली, अशी ती दाद होती.

गिल्ला ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, 'पोरी, डबा पितळेचा होता की जर्मनचा?' काही जण हसले. मला तो त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला अभिप्राय वाटला. बाईला डबा दिसला होता, म्हणून तर तो कशाचा हे तिला जाणून घ्यायचे होते. मशालीबद्दल तिने काही विचारले नाही, कारण मशालीत विचारण्यासारखे काही नव्हते. तिच्या प्रश्नात होकार होता आणि न बोललेला नकारही होता. कवितेचा पूर्वार्ध जिवंत आहे आणि उत्तरार्ध उसना आहे, हे एखाद्या समीक्षकाने दोन पाने खर्चून सांगितले असते. ती मुलगी 'तोडलंस' एवढेच घेऊन घरी गेली असती, तर पुढच्या कवितेत तिने मशाली वाढवल्या असत्या आणि डबा टाकून दिला असता.

जुन्या दादीत हा नेमकेपणा होता. गिरगावातल्या संगीत नाटकात 'वन्स मोअर' मिळे तो त्या एका पदाला. ते पद पुन्हा गावे लागे आणि बाकीचे पुढे सरकत. आपल्या वस्त्यांत जयंतीच्या रात्री भीमगीतांचे सामने होत, तेव्हा लोक उठून गायकाला नोट देत ती विशिष्ट ओळीवर, आणि सवालाला जवाब जमला नाही की त्याच लोकांची कुजबुज सुरू होई. ती दाद अतिशयोक्त होती, पण तिला पत्ता होता. कुठल्या ओळीवर, कुठल्या तानेवर, कुठल्या जवाबावर ती पडली हे सर्वांना दिसे. आजच्या वाक्यांना पत्ता नाही, ती कुठेही पोचतात.

हा दोष फक्त तरुणांच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. समीक्षेच्या क्षेत्रातले प्रौढ लोक हेच काम अधिक संस्कृतप्रचुर शब्दांत करत आले आहेत. दलित कवीचा संग्रह आला की 'स्फोटक', 'दाहक', 'अंगार', 'ज्वालामुखी' हे शब्द तयार असतात. संग्रह वाचला नाही तरी ते लिहिता येतात. सवर्ण समीक्षकाला त्यातून उदारपणाचे समाधान मिळते आणि आपल्यातल्या समीक्षकाला निष्ठेचे. कवीला मात्र काही मिळत नाही. ज्वालामुखीला कुणी सांगत नाही की तुझी सातवी ओळ सैल आहे. ही अतिशयोक्ती खरे पाहता एक प्रकारची अस्पृश्यताच आहे, कारण तिच्यात कवितेला हात लावावा लागत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आठवावे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. या कवितेचे जग आपल्या जगाच्या बाहेरचे आहे, तिच्यातले कित्येक शब्द आपल्याला ठाऊक नाहीत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेत लपवले नाही. न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारणे हा त्या कवितेचा खरा सन्मान होता. 'स्फोटक' म्हणून ती बाजूला ठेवणे त्याहून कितीतरी सोपे होते.

तेव्हा तरुणांनी ही वाक्ये टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. ती जरूर म्हणावीत, मोठ्याने म्हणावीत, आणि ती कुणाच्या घरून आली हेही माहीत करून घ्यावे. पण 'खाल्ले' म्हटले की काय खाल्ले तेही सांगावे : कोणती ओळ, कोणते पाऊल, कोणता क्षण. 'नेमलेले काम कळले' म्हणण्यापूर्वी ते कोणी नेमले हे विचारावे. आणि आपल्याच माणसाने माती खाल्ली असेल, तर तेही त्याच प्रेमाने, त्याच्या तोंडावर सांगावे. त्या मुलीला मी नंतर बाहेर गाठले आणि मशालीचा भाग काढून टाक, असे सांगितले. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, 'डबा जर्मनचाच होता, काका. पितळेचा मुकादमाच्या घरी जायचा.' ही ओळ तिच्या कवितेत नव्हती.